सांगलीचे वऱ्हाड आणि गोव्यातले लग्न: ‘सेव्ह द डेट’ निरोपाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातील दोन लग्ने गेल्या काही वर्षांत गोव्यात झाली आणि दोन्ही वेळी पाहुण्यांना आगाऊ तारीख कळवण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या वेळी माझ्या हातून झालेल्या चुका दुसऱ्या वेळी उपयोगी पडल्या. त्यानंतर ओळखीच्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. मुलाकडचे घर सांगलीचे आहे, नातेवाईक सांगली, तासगाव, इस्लामपूर, कराड आणि सातारा येथे आहेत, काहीजण पुण्यात आणि एक कुटुंब अमेरिकेत आहे. लग्न दक्षिण गोव्यात कोलवा येथे रविवार, २९ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे, असे धरू.

पत्रिका छापायचीच आहे, मग त्याआधी हा वेगळा निरोप कशासाठी?

पत्रिका साधारणपणे लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी हातात पडते. लग्न सांगलीतील कार्यालयात असेल तेव्हा तेवढा वेळ पुरतो, कारण कराडचा पाहुणा सकाळी निघून अक्षता टाकून रात्री घरी परत जाऊ शकतो. गोव्यातील लग्नासाठी त्याच पाहुण्याला किमान दोन रात्री घराबाहेर राहावे लागते, रजा मागावी लागते आणि जाण्यायेण्याचे तिकीट काढावे लागते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे पंचवीस दिवस आधी पत्रिका मिळालेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा प्रतीक्षा यादीच येते. हा निरोप आमंत्रणाची जागा घेत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की या तारखा मोकळ्या ठेवा आणि या गावी यायची तयारी करा. आमंत्रण त्यानंतर रीतीप्रमाणे यायचेच आहे, ही गोष्ट निरोपात शब्दांत लिहिली पाहिजे, नाहीतर घरातील वडीलधाऱ्यांना मोबाइलवर बोलावणे उरकल्यासारखे वाटते आणि ते योग्यच असते.

निरोप नेमका कधी पाठवावा?

आधी तीन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. दोन्ही घरांनी मान्य केलेला मुहूर्त, लग्नाच्या जागेची आगाऊ रक्कम भरून मिळालेली पावती, आणि पाहुण्यांसाठी किती खोल्या हाती आहेत तो आकडा. यांपैकी एकही गोष्ट अर्धवट असेल तर निरोप थांबवावा, कारण एकदा कळवलेली तारीख मागे घेणे हे उशिरा कळवण्यापेक्षा जास्त त्रासाचे असते.

या तिन्ही गोष्टी झाल्या की सहा ते सात महिने आधीचा काळ चांगला. आपल्या उदाहरणात तो एप्रिलच्या अखेरीस, अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात येतो. यामागे एक स्थानिक कारणही आहे. २०२६ मध्ये मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, आणि आपल्याकडील अनेक घरांत त्या महिन्यात मंगलकार्याचा पहिला शब्द काढणे टाळतात. अधिक मास संपण्याची वाट पाहिली तर जून निम्मा सरतो आणि परदेशातील कुटुंबाचे दीड-दोन महिने हातचे जातात. म्हणून तो लागण्याआधीच कळवून मोकळे व्हावे.

वर्षभर आधी मात्र पाठवू नये. इतक्या आधी आलेली तारीख लोक आनंदाने वाचतात आणि विसरतात. शिवाय बहुतेक नोकरदारांची पुढच्या वर्षाची रजा तेव्हा हिशेबात आलेलीच नसते.

रेल्वेचे तिकीट ६० दिवस आधी निघते, तर सहा महिने आधी कळवून काय उपयोग?

उपयोग असा की त्या एका सकाळी तयार राहण्यासाठी लागणारी सगळी माहिती तोपर्यंत गोळा झालेली असते. हाच भाग बहुतेक घरांत निसटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सांगली-मिरजेकडून गोव्याला जाण्यासाठी दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्स्प्रेस सोयीची आहे. ती पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने मडगावला आणि पुढे वास्को द गामाला जाते. मिरजेला ती रात्री येते आणि मडगावला पहाटे-सकाळी पोहोचवते, म्हणजे प्रवासात दिवस मोडत नाही. शुक्रवारी, २७ नोव्हेंबरला रात्री मिरजेहून बसलेला पाहुणा शनिवारी सकाळी मडगावला उतरतो आणि तेथून कोलवा अगदी जवळ आहे.

आता तिकीट कधी खुले होईल ते मोजू. सरळ हिशेब करणारा माणूस २७ नोव्हेंबरमधून ६० दिवस वजा करतो आणि २८ सप्टेंबर ही तारीख लिहून ठेवतो. येथेच चूक होते. ही मुदत आपण जेथे गाडीत बसतो त्या दिवसापासून मोजत नाहीत. गाडी जेथून सुटते त्या स्थानकावरील सुटण्याच्या दिवसापासून मोजतात. मिरजेला २७ तारखेच्या रात्री येणारी गाडी दिल्लीहून २६ तारखेला सुटलेली असते, त्यामुळे तिचे आरक्षण रविवार, २७ सप्टेंबर रोजी सकाळी ८ वाजता खुले होते. सोमवारी सकाळी संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या हातून पूर्ण एक दिवस गेलेला असतो. परतीच्या वेळी हा प्रश्न येत नाही, कारण गाडी वास्कोहून त्याच दिवशी सुटते. सोमवार, ३० नोव्हेंबरच्या परतीचे आरक्षण गुरुवार, १ ऑक्टोबरला खुले होईल.

या दोन्ही तारखा पितृपक्षात येतात. २०२६ चा पितृपक्ष २७ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत आहे. लग्नाच्या प्रवासाचे तिकीट त्या पंधरवड्यात काढावे की नाही, असा संकोच आमच्या घरी थोरल्या काकूंना वाटला होता. आम्ही भटजींना विचारले, तेव्हा त्यांनी प्रवासाची सोय करणे म्हणजे कार्याचा आरंभ नव्हे असे सांगितले आणि काकूंचे समाधान झाले. आपल्या घरी असा संकोच असेल तर तो सप्टेंबरच्या आधीच बोलून मिटवावा, कारण त्या सकाळी चर्चेला वेळ नसतो.

एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना खालची बर्थ मिळण्याची वेगळी सोय आहे, पण ती हवी असेल तर अशा प्रवाशांचे एकट्याचे किंवा दोघांचे स्वतंत्र तिकीट काढावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आत्याचे नाव सहा जणांच्या तिकिटात घातले तर ती सोय हातची जाते. म्हणून आगाऊ निरोपाच्या उत्तरात येणाऱ्यांची नावे आणि वये दोन्ही मागवावीत. नावे ओळखपत्रावर आहेत तशीच हवीत. ‘बाळूकाका’ या नावाने तिकीट काढून चालत नाही. तिकीट काढणाऱ्याचे आयआरसीटीसीचे खाते आधारशी आधीच जोडून पडताळून ठेवावे, कारण आरक्षण खुले होताच सुरुवातीचा वेळ अशाच खात्यांना मिळतो.

निरोपात काय लिहावे आणि काय लिहू नये?

वार, तारीख आणि साल तिन्ही लिहावे. वार लिहिल्यामुळे तारीख चुकून वेगळी टंकली गेली तर वाचणाऱ्याच्या लक्षात येते. गावाचे नाव लिहिताना केवळ ‘गोवा’ असे लिहू नये, का ते पुढच्या उत्तरात येईल. केव्हा पोहोचायचे आणि केव्हा निघता येईल हे लिहावे, कारण रजा त्यावरून ठरते. आमच्या पहिल्या लग्नात आम्ही फक्त लग्नाचा दिवस कळवला होता. निम्मे पाहुणे रविवारी सकाळी पोहोचण्याच्या बेताने तिकीट काढून बसले आणि शनिवारच्या हळदीला घरची म्हणावी अशी माणसे कमी पडली, त्याचे मला अजून वाईट वाटते.

मुहूर्ताची घटिका या निरोपात लिहू नये. ती पुढे काही मिनिटांनी सरकू शकते आणि ती सांगण्याची जागा पत्रिका आहे. आहेर, पोशाखाचे रंग, कार्यक्रमांची लांब यादी हेही नंतर कळवावे.

दुसऱ्या लग्नात आम्ही जो मजकूर पाठवला, तो आपल्या उदाहरणाच्या तारखा घालून असा होतो:

“॥ श्री गजानन प्रसन्न ॥
सप्रेम नमस्कार. आमचा मुलगा चि. (नाव) याचा विवाह रविवार, दि. २९ नोव्हेंबर २०२६ रोजी कोलवा, मडगावजवळ, दक्षिण गोवा येथे करण्याचे उभय कुटुंबांनी योजिले आहे. शनिवार, दि. २८ रोजी दुपारपर्यंत आपण पोहोचावे आणि सोमवार, दि. ३० रोजी सकाळच्या फराळानंतर निघावे, अशी विनंती आहे. या दोन रात्री आपली राहण्याची आणि भोजनाची व्यवस्था आमच्याकडे आहे. आपल्या घरातून श्री., सौ. आणि मुले मिळून चार जणांची खोली आम्ही राखून ठेवत आहोत. रजा आणि प्रवासाची सोय करता यावी म्हणून ही तारीख आगाऊ कळवीत आहोत. पत्रिका घेऊन आम्ही दिवाळीच्या सुमारास प्रत्यक्ष भेटीस येऊच. येणे जमेल किंवा कसे, ते ३१ मेपर्यंत कळवावे.”

‘किंवा कसे’ हे शब्द मुद्दाम ठेवले होते. ज्यांना जमणार नाही त्यांना तसे सांगायला अवघड वाटू नये, एवढाच हेतू होता.

‘गोवा’ एवढे लिहिले तर काय बिघडते?

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना विमानतळ दक्षिणेकडे, वास्कोजवळ आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेला पेडणे तालुक्यात असून तेथून प्रवासी विमाने जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तिकीट काढताना पडद्यावर दाबोळीसाठी `GOI` आणि मोपासाठी `GOX` अशी अक्षरे दिसतात. घाईत तिकीट काढणाऱ्याला ‘गोवा’ हा शब्दच दिसतो आणि जे स्वस्त असेल ते तो घेतो. मोपाहून कोलव्याला यायला रस्त्याने दीड ते दोन तास लागतात आणि टॅक्सीचे भाडे तिकिटात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होऊ शकते.

आमच्या पहिल्या लग्नात पुण्याचे मामा आणि मामी रात्री उशिरा मोपाला उतरले आणि त्यांना आणायला पाठवलेली गाडी दाबोळीला उभी होती. मामा बिचारे काही बोलले नाहीत, पण सकाळपर्यंत त्यांना झोप मिळाली नाही. दोष त्यांचा नव्हता. आमच्या निरोपात विमानतळाचे नावच नव्हते. तेव्हापासून मी जवळचा विमानतळ, जवळचे रेल्वे स्थानक आणि लग्नाच्या गावाचे नाव या तिन्ही गोष्टी निरोपाखाली एका ओळीत लिहितो: विमानतळ दाबोळी (`GOI`), रेल्वे स्थानक मडगाव, ठिकाण कोलवा. मोपाला उतरणे सोयीचे असेल त्यांनी तसे आधी सांगावे, म्हणजे गाडीची वेगळी सोय करता येते.

‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द घालावेत का?

या निरोपात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रिकेत हे शब्द शोभतात, कारण गावातील कार्यालयात पंगतीला दहा पाने वाढली तरी यजमानाला आनंदच होतो. गोव्यात खोल्या मोजून घेतलेल्या असतात. चाळीस खोल्या असतील आणि तीस घरांना ‘सहपरिवार’ असे लिहिले, तर प्रत्येक घर त्याचा अर्थ आपापल्या परीने लावते. कोणी सूनबाईंच्या आई-वडिलांनाही घेऊन येते, कोणी संकोचाने दोघेच येतात आणि मुलांना घरी ठेवतात. दोन्ही गोष्टींत पुढे मन दुखावते.

म्हणून प्रत्येक घराला वेगळा निरोप पाठवावा आणि त्यात त्या घरातील किती जणांची व्यवस्था केली आहे ते नावांनिशी लिहावे. हे लिहिणे रुक्ष वाटेल अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात लोकांना स्वतःचे आणि मुलांचे नाव वाचून बरे वाटले, कारण आपली आठवण ठेवून खोली धरली आहे हे त्यातून कळते. वृद्ध माणसांसोबत सांभाळणारे कोणी लागत असेल तर त्या व्यक्तीचेही नाव त्याच ओळीत घालावे, विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नये.

सर्व भावकीला गोव्याला नेता येत नाही. त्यांना काय कळवावे?

हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तासगाव किंवा वाळवा तालुक्यातील मोठ्या घराची भावकीच दीड-दोनशे माणसांची असते, आणि गोव्याला सगळ्यांना नेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. अशा वेळी एकाला निरोप गेला आणि शेजारच्या चुलत्याला गेला नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते.

यावर एकच प्रामाणिक उपाय मला दिसला. गावाकडील कार्याची तारीखही त्याच दिवशी ठरवून त्याच दिवशी सर्वांना कळवावी. आपल्या उदाहरणात लग्नानंतरच्या रविवारी, ६ डिसेंबरला, सांगलीत किंवा गावी सत्यनारायण, जागरण-गोंधळ आणि जेवण असे कार्य ठेवता येईल. भावकीला जाणाऱ्या निरोपात ही तारीख असावी आणि लग्न गोव्यात मोजक्या घरच्या माणसांत होणार आहे हेही त्यातच साध्या शब्दांत सांगावे. लपवून ठेवलेले आमंत्रण नंतर छायाचित्रांतून कळते तेव्हा जास्त लागते. गावाकडील कार्याची तारीख सहा महिन्यांनी कळवू असे ठरवले, तर मधल्या काळात ती माणसे आपल्याला वगळले असेच समजून चालतात.

गोव्याला कोणाला न्यायचे याची रेषा नात्याच्या पायरीवर आखावी, जवळिकीवर आखू नये. सर्व सख्खे काका, आत्या, मामा, मावश्या आणि त्यांची मुले, अशी रेषा समजावून सांगता येते. ‘ज्यांच्याशी येणे-जाणे आहे ते’ अशी रेषा कोणालाही समजावून सांगता येत नाही.

आधी फोन करावा की मोबाइलवर संदेश पाठवावा?

वडीलधाऱ्यांना आधी फोन, मग संदेश. थोरले काका, आजोळचे मामा आणि घरातील आत्या यांना मुलाच्या आई-वडिलांनी स्वतः फोन करून तारीख सांगावी आणि त्याच संध्याकाळी लिखित निरोप पाठवावा. फोनवर ऐकलेली तारीख विसरते, म्हणून लिखित हवाच, पण मामांना भाच्याच्या लग्नाची तारीख कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रथम कळणे बरे नव्हे. सगळे फोन एका दिवसात उरकावेत, नाहीतर एका घरी कळलेली बातमी दुसऱ्या घरी आपल्याआधी पोहोचते.

संदेश साध्या मजकुराच्या किंवा चित्राच्या रूपात पाठवावा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली `.apk` अशी अक्षरे शेवटी असलेली फाइल पाठवून, ती उघडणाऱ्याच्या मोबाइलचा ताबा घेऊन बँक खात्यातील पैसे काढण्याचे प्रकार आपल्याकडे झाले आहेत. आपला निरोप आला की ज्येष्ठ माणसे तो विश्वासाने उघडतात, आणि पुढे तशीच दिसणारी दुसऱ्या कोणाची फाइलही उघडू शकतात. म्हणून आम्ही फोनवरच सांगून ठेवले होते की आमच्याकडून फक्त चित्र येईल, काही उतरवून घ्यायला कधीही सांगणार नाही.

रजेच्या दृष्टीने कोणाला जास्त अडचण येते?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना कॅलेंडर वर्षात ८ नैमित्तिक रजा मिळतात आणि त्या ३१ डिसेंबरला संपतात. नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत बहुतेकांच्या त्या खर्च झालेल्या असतात. एप्रिलमध्ये तारीख कळली तर माणूस दोन रजा बाजूला ठेवतो. ज्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे त्यांना फक्त सोमवारची रजा पुरते. शिक्षकांना शनिवारीही शाळा असते आणि दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली असते, त्यामुळे त्यांना शनिवार आणि सोमवार अशी दोन दिवसांची रजा लागते.

आपल्या भागातील खरी अडचण साखर कारखान्यातील नोकरदारांची असते. नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झालेला असतो आणि हंगामात पाळीवर असलेल्या माणसाला दोन दिवस सोडणे सोपे नसते. पाळीची अदलाबदल करण्यासाठी सहकाऱ्याशी आधीपासून बोलावे लागते. अशा घरी निरोपासोबत वेगळा फोन करावा आणि त्यांना शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत पोहोचता येईल अशी गाडीची सोय आहे का, ते आपणच पाहावे. द्राक्षबागायतदारांचेही तसेच असते. नोव्हेंबरच्या अखेरीस अवेळी पाऊस आला तर औषधफवारणी सोडून कोणीही गोव्याला येणार नाही, आणि त्यांनी यावे असा आग्रह धरू नये.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या हिवाळी सत्राच्या परीक्षा साधारण याच दिवसांत असतात आणि त्यांचे वेळापत्रक खूप उशिरा लागते. त्यांची नावे ‘बहुधा’ या रकान्यात ठेवावीत.

अमेरिकेतील कुटुंबाला तोच निरोप चालेल का?

मजकूर तोच चालतो, पण तो त्यांना सर्वांत आधी जायला हवा. २०२६ मध्ये त्यांच्याकडील थँक्सगिव्हिंगची सुट्टी गुरुवार, २६ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे रजा मिळणे सोपे जाते, पण त्या आठवड्यात तिकडे सर्वच जण प्रवास करतात आणि भाडे चढलेले असते. शिवाय तिकडे जन्मलेल्या मुलांचे पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड यांची मुदत तपासण्याची आठवण निरोपातच द्यावी.

खर्च कोणाचा, हे निरोपात लिहिणे बरे दिसते का?

बरे दिसते आणि लिहिलेच पाहिजे. राहणे-जेवणे आमच्याकडे, प्रवास ज्याचा त्याने, असे असेल तर पहिला भाग स्पष्ट लिहावा. दुसरा त्यातून आपोआप कळतो. सांगलीहून बस करणार असाल तर तसे लिहावे, कारण ते वाचून अनेकजण रेल्वेचा विचार सोडून देतात. बस संकेश्वर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या रस्त्याने गेली तर सहा-सात तास लागतात. आंबोलीच्या घाटात त्रास होणाऱ्यांनी रेल्वेने यावे. बस ठरवताना दुसऱ्या राज्यात जाण्याचा पर्यटक परवाना तिच्याकडे आहे ना, हे कागद पाहून खात्री करावे.

उत्तरच आले नाही तर?

३१ मेनंतर आठवडाभर थांबावे आणि मग फोन करावा. तोही मुलाने किंवा मुलीने न करता घरातील मोठ्यांनी करावा. आपल्याकडे लोक नकार लिहून देत नाहीत, गप्प राहतात. फोनवर मात्र खरे कारण सांगतात. आमच्या एका आत्यांनी दोन महिने उत्तर दिले नव्हते. फोन केल्यावर कळले की त्यांना जिना चढवत नाही आणि खोली वरच्या मजल्यावर असेल अशी त्यांना धास्ती होती. तळमजल्याची खोली त्यांच्या नावावर लिहिली आणि त्या आल्या.

निरोप गेल्यानंतर तारीख बदलावी लागली किंवा घरात दुःखद घटना घडली तर?

ज्यांना फोन केला होता त्या सर्वांना पुन्हा फोन करावा आणि गटावर फक्त एक ओळ टाकावी: जुनी तारीख रद्द, काढलेली तिकिटे रद्द करावीत, नवी तारीख ठरल्यावर कळवू. नवी तारीख पक्की नसताना अंदाजाने सांगू नये. आपल्या निरोपावरून कोणी विमानाचे तिकीट आधीच काढले असेल आणि त्याचे पैसे बुडत असतील, तर ते देण्याची तयारी यजमानाने दाखवावी. बहुतेकजण घेत नाहीत, तरी विचारणे आपले काम आहे.

पत्रिका आल्यावर, ज्यांनी ‘जमणार नाही’ असे कळवले त्यांनाही ती द्यायची का?

हो, आणि त्यांच्या घरी जाऊनच द्यायची. कुलदैवतापुढे पहिली पत्रिका ठेवून झाली की आम्ही जी यादी घेऊन बाहेर पडलो, तीत येणारे आणि न येणारे असे दोन भाग केलेच नव्हते. इस्लामपूरच्या चुलत्यांनी मेमध्येच हंगामामुळे जमणार नाही असे कळवले होते. पत्रिका द्यायला गेलो तेव्हा त्यांनी पाळी बदलून घेतल्याचे सांगितले, आणि एक खोली आम्ही अशाच कोणासाठी शेवटपर्यंत मोकळी ठेवली होती, ती त्यांना मिळाली.